डे केअर सुरू झालं आणि सर्दी जातच नाहीये? या चुका टाळा

लेक दीड वर्षाची असताना डे केअरला जायला लागली आणि दोन महिन्यात घरात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, हिची इम्युनिटीच गेलीये, सारखं आजारी पडून अजून कमी होतेय. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

पहिली चूक इथेच होते, लागोपाठच्या सर्द्यांना आपण एकच लांबलेली सर्दी समजतो. मी शेवटी कॅलेंडरवर लिहायला लागले. 3 तारखेला ताप आणि नाक गळायला सुरुवात, 6 ला ताप गेला, 13 पर्यंत नाक गळणं थांबलं, राहिला नुसता रात्रीचा खोकला. मग चार दिवस मस्त जेवली, खेळली आणि 17 ला परत ताप. म्हणजे दोन वेगळ्या सर्द्या! या वयात डे केअरला जाणाऱ्या मुलांना वर्षात 8 ते 12 सर्द्या होणं नॉर्मल आहे. दहा सर्द्या धरा, एकेक बारा दिवसांची, झाले 120 दिवस, आणि त्यातल्या बऱ्याचशा थोड्याच महिन्यांत येतात, मग नाक कायम वाहतंय असंच वाटणार ना.

आणि नाही, यामुळे इम्युनिटी कमी होत नाही. सर्दीचे व्हायरस ढिगाने आहेत, एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार, आणि शरीर एकेकाची ओळख करून घेत असतं. लहानपणी डे केअरला गेलेल्या मुलांना पुढे शाळेत सर्दी कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. खरंच जुनी ओळख पुसून टाकणारा आजार म्हणजे गोवर, म्हणून ती लस चुकवू नका.

दुसरी चूक, शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक मागणं. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, व्हायरल सर्दीतही येतो, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. पण दहा दिवस झाले तरी जराही फरक नाही, किंवा त्याच सर्दीत जरा बरं वाटून परत ताप चढला, तर डॉक्टरकडे जाच. इम्युनिटी वाढवणाऱ्या सिरपवर मीही पैसे घातलेत, सर्द्या तेवढ्याच झाल्या. कफ सिरप एवढ्या लहान मुलांना मनाने देऊ नका.

आता उलटी चूक, सगळंच नॉर्मल म्हणून सोडून देणं. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कानाचं इन्फेक्शन, वजन वाढत नाही, गळवं परत परत, असं असेल तर इम्युनिटीची तपासणी करायची का हे डॉक्टरांना नक्की विचारा. सर्द्यांच्या आकड्यापेक्षा या गोष्टी जास्त सांगतात.

आणि श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजायचं, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा आकडा 40 किंवा वर गेला किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.