लांबलेल्या मेलमध्ये उत्तर कुठं दडतं? या चुका टाळा

सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या तोंडावरची गोष्ट आहे. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब मी लातुरात बसून बघतो. कंपनीला बारदाना घ्यायचा होता. सचिवांनी पुरवठादाराला मेलवर तीन प्रश्न विचारले: दोन हजार पोती घेतली तर भाव काय पडेल, हमाली कोणाकडे आणि गाडी कधी लागेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सचिवांनी मोबाईलवर उघडलं तर एकच ओळ होती, "खाली उत्तरं दिली आहेत." खाली काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, अर्धवट मेल गेला असेल, पाठवतील पुन्हा. चार दिवस तसेच गेले. अध्यक्ष अप्पांचा फोन आला, "आवो, बारदान्याचं काय झालं? माल यायला लागला की!" पुरवठादार मात्र म्हणत होते की आम्ही दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलंय.

दोघंही खरं बोलत होते. उत्तर आलं होतं, पण ते तीन ठिपक्यांच्या आत बसलं होतं.

जीमेलमध्ये कुणी "रिप्लाय" दाबतो तेव्हा आधीचा अख्खा मेल नव्या मेलच्या पोटात उतरतो. वर "On … wrote:" अशी एक ओळ येते आणि तिच्याखाली जुना मजकूर, डाव्या बाजूला उभी रेघ ओढलेला. हा मजकूर वाचणाऱ्याकडे आधीच असतो, म्हणून जीमेल तो दाखवत नाही. त्याजागी तीन ठिपक्यांचं छोटं बटण ठेवतं. संगणकावर त्यावर माउस नेला की "Show trimmed content" अशी अक्षरं दिसतात. वाचणाऱ्याच्या सोयीची ही रचना आहे. तीच ओळ विसाव्यांदा वाचायची कोणाला हौस नसते.

पुरवठादारांनी काय केलं होतं? संगणकावर ठिपके उघडून सचिवांच्या प्रत्येक प्रश्नाच्या खालीच, त्या उभ्या रेघेच्या आत, उत्तर टाईप केलं होतं. कागदावर अशी पद्धत छान असते, प्रश्नाशेजारी उत्तर. पण मेलच्या हिशोबाने ते उत्तर जुन्या मजकुराच्या पेटीत पडलं. पेटी झाकली की उत्तरही झाकलं जातं. कधी कधी जीमेल मधले नवे शब्द ओळखून पेटी उघडी ठेवतं, कधी ठेवत नाही. त्या भरवशावर भाव ठरवणं परवडत नाही.

प्रश्नाला लागूनच उत्तर द्यायचं असेल तर प्रश्नाची ओळ कॉपी करून वर, आपल्या मजकुरात आणायची आणि तिच्याखाली लिहायचं. जुन्या पेटीत हात घालायचा नाही. आणि मेल मिळणाऱ्याने "खाली बघा", "लाल अक्षरात लिहिलंय" असे शब्द वाचले आणि खाली रिकामं दिसलं, की आधी तीन ठिपके दाबायचे, मग फोन करायचा.

दुसरी चूक याच्या उलटी आहे आणि ती जवळपास सगळेच करतात. रिप्लाय लिहिताना जुना मजकूर दिसत नाही, म्हणून तो जात नाही असं वाटतं. लिहिण्याच्या चौकटीत खाली तेच तीन ठिपके असतात. ते उघडले नाहीत तरी आतलं सगळं जातंच. दुसऱ्या मेलमध्ये पहिला, तिसऱ्यात पहिला आणि दुसरा, असं करत विसाव्या मेलच्या पोटात आधीचे एकोणीस बसलेले असतात. वीस मेलच्या या साखळीत पहिला मेल वीस वेळा साठवला जातो. सगळं मोजलं तर वीसच्या जागी दोनशे दहा मेलांचा मजकूर होतो. कडब्याच्या गंजीवर पेंढ्या रचत जाव्यात तसं हे आहे, फरक एवढाच की इथं खालची गंजी दर वेळी नव्याने रचली जाते.

याचा त्रास एका ठराविक जागी होतो. एखादा मेल साधारण 102 केबीपेक्षा मोठा झाला की जीमेल तो पूर्ण दाखवत नाही, शेवटी "[Message clipped]" लिहून "View entire message" ची लिंक देतं. ही मर्यादा मजकुराची आहे, जोडलेल्या फायलींची नाही. देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. त्यात रंगीत सही, लोगोचा पत्ता, वर्डमधून चिकटवलेला तक्ता आला की साधा दिसणारा मेलही चार केबीचा सहज होतो. चार केबी धरले तर सव्विसाव्या मेलला 104 केबी होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. वर्डच्या तक्त्यासोबत न दिसणारी बरीच मांडणी येते, त्यामुळे तो आला की ती त्याहून लवकर ओलांडली जाते. नवा मजकूर वर असतो म्हणून तो बहुतेक वेळा वाचतो, पण जो सगळ्यात तळाशी लिहितो त्याचा शब्द कापला जातो.

आता उपाय, तो सोपा आहे. संगणकावर रिप्लाय दाबल्याबरोबर, स्वतःचं काही लिहायच्या आधी, चौकटीच्या तळाचे तीन ठिपके दाबा. जुना मजकूर उघडेल. Ctrl+A करून डिलीट करा, किंवा ज्या दोन ओळींना उत्तर द्यायचं आहे तेवढ्याच ठेवा. मग लिहा. आधी लिहून मग Ctrl+A केलं तर स्वतःचं लिहिलेलंही जातं. ते झालंच तर लगेच Ctrl+Z. मोबाईलवरही ठिपके दाबून मजकूर उघडता येतो, पण बोटाने वीस मेल निवडून पुसणं जिकिरीचं काम आहे, म्हणून मोठी साफसफाई मी संगणकावरच करतो.

हे सांगितलं की हमखास एक शंका येते: "जुनं पुसलं तर साखळी तुटंल की ओ!" तुटत नाही. साखळी जुन्या मजकुरावर उभी नसते. प्रत्येक मेलला स्वतःचा एक क्रमांक असतो, आणि उत्तराच्या डोक्यावर, आपल्याला एरवी न दिसणाऱ्या भागात, तो कोणत्या मेलचं उत्तर आहे ते लिहिलेलं असतं. मेल उघडून उभ्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून "Show original" निवडलं की असं काहीतरी दिसतं:

```
Message-ID: <b2@example.com>
In-Reply-To: <a1@example.com>
References: <a1@example.com>
```

म्हणजे b2 हा a1 चं उत्तर आहे. मजकूर पूर्ण पुसला तरी या ओळी तशाच जातात. साखळी तुटते ती विषयाची ओळ बदलल्यावर, आणि जीमेलमध्ये शंभर मेल झाल्यावर पुढचे नव्या साखळीत जातात. रिप्लायऐवजी नवा मेल लिहिला तरी हा धागा जुळत नाही. त्यामुळे "बारदाना" या विषयात मध्येच वजनकाट्याची चौकशी सुरू झाली, तर सरळ नवा मेल लिहावा, हे माझं ठाम मत आहे. बारदान्याच्या पोटात वजनकाटा शोधताना मी अख्खी दुपार घालवली आहे.

तिसरी चूक दरमहाच्या मेलची. मागच्या महिन्याच्या मेललाच रिप्लाय करून तोच मजकूर पुन्हा चिकटवायचा आणि एक आकडा बदलायचा, ही सवय अनेक कार्यालयांत आहे. जीमेल आधीच्या मेलशी जुळणारा भाग ओळखून लपवतं, आणि कधी कधी सहीबरोबर कामाच्या ओळीही ठिपक्यांत जातात. बदललेला आकडा पहिल्या ओळीत सुट्या वाक्यात लिहावा. प्रत्येक महिन्याला विषयात महिना घालून नवा मेल केला तर प्रश्नच मिटतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. त्याच बारदान्याच्या साखळीत सतराव्या मेलला सनदी लेखापालांना सीसीमध्ये घेतलं. त्यांना सही करायला फक्त एक आकडा हवा होता. त्यांच्याकडे मात्र खालचे सोळा मेल गेले, त्यात पाच सभासदांचे बँक खाते क्रमांक होते, कारण आठव्या मेलमध्ये कुणीतरी ॲडव्हान्सची यादी मजकुरातच चिकटवली होती. लेखापाल विश्वासू माणूस, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण त्या सभासदांना विचारलं होतं का? नवा माणूस जोडताना ठिपके उघडून तळापर्यंत एकदा नजर फिरवायलाच हवी. आणि इथंच एक उलटा घोळ होतो: रिप्लायमध्ये जुना मजकूर जातो, पण जुन्या मेलला जोडलेल्या फायली जात नाहीत. म्हणून लेखापालांना खाते क्रमांक मिळाले आणि ज्याची गरज होती ते कोटेशनचं पीडीएफ मिळालंच नाही. फाईल पाठवायची असेल तर ती ज्या मेलला जोडली होती तो मेल फॉरवर्ड करावा, किंवा फाईल नव्याने जोडावी. फॉरवर्डमध्ये फायली जातात, पण खालचा गठ्ठाही जातो, तो पुसायला विसरू नये.

आमच्याकडे अजून मेलचे कागद काढून फायलीला लावतात, म्हणून हेही सांगतो. पूर्ण साखळी "Print all" ने छापली की जुन्या मजकुराच्या जागी "[Quoted text hidden]" एवढंच छापून येतं. पुरवठादारांनी पेटीच्या आत लिहिलेली उत्तरं कागदावरही आली नसती, आणि वर्षअखेरीला फाईल उघडणाऱ्याला हमाली कोणाकडे ठरली ते कधीच कळलं नसतं. तो एक मेल उघडून, ठिपके दाबून, वेगळा छापायचा आणि छापलेला कागद वाचून बघायचा.

औशाच्या सचिवांनी त्या दिवशी ठिपके दाबले तेव्हा तिन्ही उत्तरं निघाली. हमाली पुरवठादाराकडे होती आणि गाडी सोमवारी लागणार होती. तो सोमवार होऊन दोन दिवस झाले होते. त्यांनी खालचं सगळं पुसून तीन ओळींचा मेल लिहिला, प्रत्येक उत्तर सुटं, तारीख नवी मागितली, आणि शेवटी "वरील भाव मान्य" असं टाकून पाठवला. गाडी शुक्रवारी आली.