विधान कुठल्या खणात बसते ते कसे ओळखावे : कांट, त्रिकोण आणि अनुभवपूर्व संश्लेषक ज्ञान

पदवीच्या पेपरात कांटवर प्रश्न आला की बहुतेक उत्तरांत विश्लेषक-संश्लेषक आणि अनुभवपूर्व-अनुभवोत्तर असा विधानांचा चार खणांचा तक्ता असतो, प्रत्येक खणात एक उदाहरण असते आणि मग एकदम ‘म्हणून कांटने ट्रान्सेंडेंटल आयडियलिझम मांडला’ असे वाक्य येते. तक्ता बरोबर असतो, पण त्या ‘म्हणून’मध्ये काय घडले ते कुठेच दिसत नाही. ते दिसण्यासाठी एकच विधान हातात घेऊन शेवटपर्यंत जाऊ या : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते.

पहिली पायरी : विधान नाकारून पाहा

उद्देश्याची संकल्पना घ्या आणि विधेय तिच्यात आधीपासून आहे का ते तपासा. सोपी कसोटी अशी : विधान नाकारल्यावर, निव्वळ संकल्पनांच्या जोरावर, आत्मव्याघात होतो का? ‘सर्व जड वस्तू विस्तारयुक्त असतात’ हे कांटचे उदाहरण. विस्तार नसलेली जड वस्तू म्हणताच आपण आपलेच म्हणणे खोडतो. हे विश्लेषक विधान. ‘सर्व जड वस्तूंना वजन असते’ हे नाकारले तर चूक होईल, पण व्याघात होणार नाही. विधेयाने उद्देश्यात भर घातली आहे, म्हणून हे संश्लेषक.

इथे शब्दांवर नीट लक्ष ठेवा. ‘प्रत्येक कार्याला कारण असते’ हे विश्लेषक आहे, कारण कार्य म्हणजेच कारणातून उद्भवलेले. ‘प्रत्येक घटनेला कारण असते’ हे मात्र संश्लेषक आहे. घटना म्हणजे आधी नव्हते ते घडणे. त्यात कारणाचा उल्लेख नाही. एका शब्दाने खण बदलतो.

आणखी एक गफलत टाळा. विधान उघड आहे, लहानपणापासून पाठ आहे, म्हणून ते विश्लेषक ठरत नाही.

दुसरी पायरी : पुरावा कशाचा ते विचारा

हा प्रश्न पहिल्यापेक्षा वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणेच विचारायला हवा. विधान खरे आहे हे ठरवायला अनुभवाची साक्ष लागते का? लागत असेल तर ते अनुभवोत्तर, नसेल तर अनुभवपूर्व. मूल मणी मोजून बेरीज शिकते हे इथे गैरलागू आहे. शिकलो कसे हा एक प्रश्न, समर्थन कशावर उभे आहे हा दुसरा. आपले सारे ज्ञान अनुभवासोबत सुरू होते, पण म्हणून ते सगळे अनुभवातूनच निघत नाही, असे कांट ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’ या ग्रंथाच्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सुरुवातीलाच सांगतो.

अनुभवपूर्व ज्ञानाच्या त्याने दोन खुणा दिल्या आहेत : अनिवार्यता आणि काटेकोर सार्वत्रिकता. अनुभव फार तर ‘आजवर असेच आढळले’ एवढे सांगतो. ‘याखेरीज दुसरे काही असूच शकत नाही’ हे तो सांगू शकत नाही.

विश्लेषक आणि अनुभवोत्तर हा खण रिकामा राहतो. संकल्पना उलगडायची असेल तर बाहेर बघायचे कारणच नसते. ‘सोने पिवळा धातू आहे’ हे विधानही कांटच्या मते विश्लेषक आणि अनुभवपूर्व आहे : सोन्याची संकल्पना अनुभवातून आली असली, तरी ती एकदा हाती आल्यावर आणखी अनुभव लागत नाही.

तिसरी पायरी : त्रिकोण प्रत्यक्ष काढा

आता आपले विधान. तीन सरळ रेषांनी बंदिस्त झालेली आकृती ही त्रिकोणाची संकल्पना. ‘सरळ रेषा’, ‘कोन’, ‘तीन’ या कल्पना कितीही पिंजल्या तरी त्यांतून ‘दोन काटकोन’ बाहेर पडत नाहीत. नुसते विश्लेषण करणारा तत्त्वज्ञ इथेच अडकतो, असे कांट म्हणतो. भूमितिज्ञ काय करतो? तो आकृती काढतो.

तुम्हीही काढा. त्रिकोण अबक घ्या. पाया बक हा क च्या पुढे ड पर्यंत वाढवा. क मधून बअ ला समांतर रेषा कइ काढा. आता कोन अकइ हा अ च्या कोनाइतका आहे, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. कोन इकड हा ब च्या कोनाइतका आहे, कारण ते संगत कोन आहेत. क पाशी तिन्ही कोन शेजारी शेजारी आले आणि मिळून सरळ कोन झाला.

ही शाळेतलीच सिद्धता आहे, पण तिच्यात काय घडले ते पाहा. वाढवलेली बाजू आणि समांतर रेषा संकल्पनेत नव्हत्या. त्या आपण अवकाशात घातल्या. म्हणून निष्कर्ष संश्लेषक. तरीही आपण कोनमापकाने काही मोजले नाही. आकृती वाकडी आली असती तरी सिद्धता बिघडली नसती आणि निष्कर्ष त्या एका त्रिकोणापुरता नाही, प्रत्येक त्रिकोणाला लागू आहे. म्हणून तो अनुभवपूर्व.

ह्यूमच्या १७४८ च्या मांडणीत दोनच प्रकार होते : कल्पनांमधले संबंध आणि वस्तुस्थितीविषयक गोष्टी. गणित त्याने पहिल्यात टाकले. कांटचे म्हणणे, आपला त्रिकोण दोन्हींत मावत नाही.

चौथी पायरी : आता ‘हे शक्य कसे?’ असे विचारा

मनात काढलेली एक आकृती, मी कधीही न पाहिलेल्या वस्तूंविषयी आधीच आणि अनिवार्यपणे काही सांगते. ते कशाच्या बळावर?

समजा, अवकाश आपल्यावाचून स्वतंत्र असलेले काहीतरी आहे, न्यूटन मानत होता तसे. किंवा तो वस्तूंमधल्या संबंधांचा संच आहे, लायब्निझ मानत होता तसा. कांटच्या मते दोन्ही पक्षांत त्याचे गुणधर्म आपल्याला वस्तूंकडून कळून घ्यावे लागतील आणि मग अनिवार्यता जाईल. उरतो एकच मार्ग : अवकाश हा आपल्या इंद्रियसंवेदनेचाच आकार आहे. जे काही बाहेर म्हणून आपल्याला दिसेल ते त्या आकारातच दिसेल. म्हणून त्या आकाराविषयी जे खरे, ते दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयी आधीच खरे.

त्या ‘म्हणून’चा आशय हा आहे. त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. ही खात्री वस्तू आपल्याला जशा प्रतीत होतात तेवढ्यापुरतीच आहे; वस्तू स्वतःत कशा आहेत हे आपल्याला कळू शकत नाही. यालाच कांट ट्रान्सेंडेंटल आयडियलिझम म्हणतो. कारणाच्या विधानाबाबत तो याच दिशेने जातो, फक्त तिथे इंद्रियसंवेदनेच्या आकाराऐवजी बुद्धीच्या संकल्पना येतात आणि युक्तिवाद बराच लांब होतो.

रंगीत चष्म्याचा दाखला इथे सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. चष्मा काढून पाहता येते, हा आकार काढता येत नाही. शिवाय त्यातून ‘सगळे मनाचे खेळ’ असा समज होतो. कांटसाठी टेबल अनुभवाच्या जगात पूर्णपणे वास्तव आहे.

युक्तिवाद कुठे ताणला जातो

दोन जागा तपासा. पहिली : अवकाश आपल्या संवेदनेचा आकार असेल आणि वस्तूंचाही असेल, ही शक्यता कांटने खरोखर वगळली का? एकोणिसाव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ ट्रेंडेलेनबुर्गने हा आक्षेप घेतला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. दुसरी : आपल्या सिद्धतेत व्युत्क्रम कोन समान मानले, ते युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकावर. ते गृहीतक सोडून सुसंगत भूमिती उभी राहते, जिच्यात बेरीज दोन काटकोन भरत नाही आणि आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सामान्य सापेक्षतेच्या सिद्धांतात भौतिक अवकाश-काल वक्र आहे. गृहीतक नाकारून व्याघात होत नाही, म्हणजे ‘संश्लेषक’ या दाव्याला उलट बळच मिळते. धक्का बसतो तो ‘अनुभवपूर्व’ या दाव्याला. परीक्षेत ‘आइन्स्टाइनने कांटला खोडले’ असे लिहिण्याआधी दोनांपैकी कोणता दावा पडला हे स्पष्ट लिहा.