प्रबंध बाइंडिंगला देण्याआधी: स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या विचाराचं पान कसं शोधायचं

बाइंडिंगला देण्याआधीचा शेवटचा आठवडा संदर्भांसाठी मोकळा ठेवा. प्रबंधाची छापील प्रत समोर घ्या आणि ज्या वाक्यात दुसऱ्याचा विचार तुमच्या शब्दांत आलाय, पण पुढे फक्त आडनाव आणि वर्ष आहे, अशा प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीने फुली मारा. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला पान हवंच, तिथे प्रश्न नाही. प्रश्न या फुल्यांचा आहे.

आधी विभागाची नियमावली बघा, कारण उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे. एमएलए पद्धतीत ग्रंथाला पानं असतील, तर शब्द तुमचे असले तरी पान क्रमांक द्यायचा असतो. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तो सक्तीचा नाही. ग्रंथ मोठा किंवा गुंतागुंतीचा असेल आणि वाचकाला जागा सापडायला मदत होणार असेल, तर द्यावा असं सुचवलंय. तळटीपांच्या शिकागो पद्धतीत विशिष्ट मजकुराकडे बोट दाखवायचं असेल तर पान लागतं. नियमावली गप्प असेल तर मी विद्यार्थ्यांना एकच कसोटी सांगतो: हा विचार ग्रंथात एखाद्या ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतो का? येत असेल तर पान द्या. विचार अख्ख्या ग्रंथाचाच गाभा असेल, तर नुसता ग्रंथ पुरे. आकडा, व्याख्या, कारणमीमांसा, एखाद्या गावाबद्दलचं निरीक्षण यांना माझ्या लेखी पान हवंच, मग पद्धत काहीही म्हणो.

आता पान शोधायचं कसं, ते एका खऱ्या फुलीवरून सांगतो. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: ‘पुण्याजवळच्या गावात निम्म्याहून अधिक खातेदारांकडे पाच एकरांहून कमी जमीन उरली होती (मॅन, १९१७).’ हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेली ही पाहणी पिंपळे सौदागरची, जे आज पिंपरी-चिंचवडमध्ये सामावलंय. ग्रंथाचं नाव ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. दोन वर्षांपूर्वी तिने तो वाचला होता. वहीत टिपण होतं, पान नव्हतं.

पहिलं काम, योग्य ग्रंथ हातात आहे ना हे बघणं. मॅन यांचा याच नावाचा दुसरा अभ्यास १९२१ साली जातेगाव बुद्रुकवर निघाला. नावावरून शोधलं की दोन्ही समोर येतात आणि घाईत चुकीचा उघडला जातो. मुखपृष्ठावर थांबू नका, आतल्या पानावरचं वर्ष आणि गावाचं नाव वाचा. इतर ग्रंथांच्या बाबतीत आवृत्ती तपासा, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात. तुमच्या संदर्भसूचीत जी आवृत्ती आहे, त्याच आवृत्तीचं पान हवं.

मग शोधशब्द ठरवा. इथे बहुतेक जण आपलं स्वतःचं वाक्य इंग्रजीत उलथवून शोधतात आणि काहीच हाती लागत नाही. वाक्य तुमचं असल्यामुळे त्यातले शब्द मूळ ग्रंथात असण्याची हमी नसते. आपल्या शब्दांत मांडताना जे बदलत नाही तेवढंच घ्या: आकडा, विशेषनाम, साल, मोजमापाचं एकक. आम्ही ‘एकर’ घेतला, पण तो शेकडो ठिकाणी सापडला. ‘निम्म्याहून अधिक’ म्हणजे मूळात टक्केवारी असणार, असा अंदाज बांधला. `percent` शोधलं तर काही नाही, कारण जुन्या इंग्रजीत तो शब्द तोडून लिहीत. मग हे टाकलं:

```
"per cent" holdings
```

आणि जागा सापडली. स्कॅनमध्ये ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात हुकतो, म्हणून लांब वाक्यांश टाकू नका. दोन-तीन शब्द पुरेत.

मराठी ग्रंथ असेल तर आणखी सावध राहा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘गाव’ शोधाल तर ‘गांव’ निसटेल. शिवाय आपल्याकडे शब्दाचं रूप विभक्तीने बदलतं, म्हणून ‘तुकडे’ऐवजी ‘तुकड’ एवढाच भाग शोधा. पुष्कळ मराठी स्कॅन तर नुसती चित्रं असतात, त्यांत शोध चालतच नाही. मग जयकर ग्रंथालयात किंवा गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जाऊन मूळ प्रत उघडावी, अनुक्रमणिकेतून प्रकरण आणि शेवटच्या सूचीतून शब्द धरावा. ज्या प्रकरणाची टिपणं वहीत आगेमागे आहेत, तेच प्रकरण आधी चाळा.

जागा सापडली म्हणून पडद्यावरचा आकडा उतरवू नका. इंटरनेट आर्काइव्हवर पत्त्यात `page/n61` असं दिसलं, तर तो `n` असलेला आकडा स्कॅन केलेल्या प्रतिमेचा अनुक्रमांक आहे, छापील पान नव्हे. पीडीएफचंही तसंच, सुरुवातीची मुखपृष्ठं, प्रस्तावना तो मोजत जातो. समजा पडद्यावर ६२ आहे आणि पानावर ४६ छापलंय, तर संदर्भात ४६ येणार. एकदा १६चा फरक काढला म्हणून पुढे सगळीकडे १६ वजा करू नका. मध्ये नकाशा किंवा बिनक्रमांकाचं चित्र आलं की फरक बदलतो. प्रत्येक वेळी कागदावर छापलेला आकडा डोळ्यांनी वाचा. ई-पुस्तकात छापील पानं नसतील, तर किंडलचा लोकेशन क्रमांक न देता प्रकरण आणि परिच्छेद सांगा.

एक मोह टाळा. मॅन यांची ही टक्केवारी नंतरच्या अनेक लेखनांत येते, तळटिपेत पानासकट. ते पान उचलून आपल्या संदर्भात बसवू नका. त्या लेखकाने कुठली प्रत वापरली, बरोबर उतरवलं की नाही, हे तुम्हाला माहीत नसतं. मूळ ग्रंथ मिळतच नसेल तर ज्यात वाचलंत त्याचंच पान द्या आणि मॅन यांचा विचार त्या लेखकाकडून घेतलाय, हे मोकळेपणाने लिहा. कुठेच सापडलं नाही तर अंदाजाने आकडा टाकू नका. प्रकरणापर्यंत संदर्भ द्या, किंवा ते वाक्य काढा.

आणि पान सापडल्यावर किमान तो पूर्ण परिच्छेद वाचा, शक्यतो मागचा आणि पुढचाही. याच टप्प्यावर आमची खरी चूक उघडी पडली. मॅन म्हणतात की ८१ टक्के जमीनधारणा दहा एकरांहून लहान होत्या आणि किमान ६० टक्के पाच एकरांहून लहान. ते धारणा मोजत होते. विद्यार्थिनीने माणसं मोजली होती. एका माणसाच्या नावावर एकाहून अधिक धारणा असू शकतात, त्यामुळे ‘निम्म्याहून अधिक खातेदार’ हे विधान त्या पानावरून निघतच नव्हतं. दोन वर्षांत टिपणाचं वाक्य झालं आणि वाक्यात धारणांचे खातेदार झाले. पान शोधायला गेलो नसतो तर हे मौखिक परीक्षेतच कळलं असतं.

तिने ‘खातेदारांकडे’ खोडून ‘धारणा’ लिहिलं, ‘निम्म्याहून अधिक’ऐवजी ‘किमान ६० टक्के’ केलं, आणि वर्षाच्या पुढे स्वल्पविराम देऊन पान क्रमांक घातला. मग समासातली फुली पुसली आणि पुढच्या फुलीकडे वळली. तशा अजून एकोणीस होत्या.