शब्दशोधात तिरके आणि उलटे शब्द निसटतात ते या चुकांमुळे

आडवे-उभे शब्द सापडले, यादीत चार-पाच उरले आणि तासभर ते काही दिसत नाहीत. हे उरलेले शब्द बहुतेक वेळा तिरके असतात, नाहीतर उलटे. कधी दोन्ही.

पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर शोधत बसणं. समजा, १५ बाय १५ च्या कोड्यात ‘चमत्कार’ शोधायचा आहे. ‘च’ पुष्कळ घरांत असेल, आणि प्रत्येक ‘च’पासून आठ दिशा तपासाव्या लागतील. त्याऐवजी शब्दातलं सर्वांत दुर्मिळ घर धरा. इथे ते ‘त्का’ आहे. असं जोडाक्षर अख्ख्या कोड्यात एखाददुसरंच असतं, आणि शब्द सुलटा असो वा उलटा, ते दिसतं तसंच.

आता हा ‘त्का’ वरून दुसऱ्या ओळीत, सहाव्या स्तंभात सापडला असं धरू. त्याच्या एका बाजूला ‘म’ आणि ‘च’ अशी दोन घरं हवीत, विरुद्ध बाजूला ‘र’चं एक. वरती एकच ओळ आहे, म्हणजे ‘म-च’ वरच्या बाजूला मावणारच नाहीत. तीन दिशा न बघताच बाद झाल्या. उरलेल्या पाच शेजाऱ्यांत ‘म’ दोनदा दिसतो, उजवीकडे आणि खाली-उजवीकडे. लगेच पुढे धावू नका, आधी समोरचं घर बघा. डावीकडे ‘ल’ आहे, म्हणून आडवी दिशा गेली. वर-डावीकडे मात्र ‘र’ आहे. मग चौथ्या ओळीत, आठव्या स्तंभात ‘च’ असलाच पाहिजे. तो आहे! शब्द खालून वर, उजवीकडून डावीकडे, तिरका पडलेला होता.

ज्या शब्दात असं ठळक अक्षर नाही, तो मनात उलटा वाचत राहणं ही दुसरी चूक. डोळा थकतो. शब्द उलटा लिहूनच काढा आणि नेहमीसारखं डावीकडून वाचा. फक्त उलटवताना मात्रा व्यंजनाबरोबरच न्या: ‘किनारा’चं ‘रानाकि’ होतं. इथे गडबड झाली की शब्द समोर असूनही हुकतो.

तिरक्या रेषेत नजर शेजारच्या रेषेवर घसरते, कारण तिरकी घरं आडव्या घरांपेक्षा एकमेकांपासून सुमारे १.४ पट दूर असतात. कागदाची सरळ कड रेषेखाली धरा. पान ४५ अंशांत फिरवलं तर तिरकी रेष आडवी होते; मला कडच जास्त भरवशाची वाटते. आणि कोपऱ्यांत वेळ घालवू नका. १५ बाय १५ मध्ये एका कलाच्या २९ तिरक्या रेषा असतात, पण पाच घरांचा शब्द त्यांतल्या २१ मध्येच मावतो.

सापडलेला शब्द जाड पेनाने रंगवू नका. तिरके शब्द हमखास आडव्यांना छेदून जातात, आणि रंगाखाली गेलेलं अक्षर पुढच्या शब्दालाही लागतं. पेन्सिलीची बारीक रेघ पुरते.