अल्फा-बीटा प्रूनिंगचे गणित परीक्षेत कसे सोडवावे: आठ पानांच्या झाडाचे उदाहरण

मिनिमॅक्स येते असे गृहीत धरून थेट उदाहरण घेतो. प्रश्नात वेगळे सांगितले नसेल, तर झाड डावीकडून उजवीकडे तपासावे.

```
ए (मॅक्स)
├─ बी (मिन)
│  ├─ डी (मॅक्स): ४, ७
│  └─ ई (मॅक्स): ८, २
└─ सी (मिन)
   ├─ एफ (मॅक्स): ५, ३
   └─ जी (मॅक्स): ६, ९
```

α म्हणजे मॅक्सला आतापर्यंत खात्रीने मिळणारे मूल्य, β म्हणजे मिनला आतापर्यंत खात्रीने मिळणारे मूल्य; α ≥ β झाले की त्या नोडच्या उरलेल्या फांद्या छाटायच्या. प्रथम ए या मुळाशी α = −∞ आणि β = +∞ लिहावे व हीच जोडी बी आणि डीपर्यंत खाली न्यावी.

डीची दोन्ही पाने पाहावी लागतात. त्याचे मूल्य ७ येते, ते बीकडे जाते आणि बीचा β ७ होतो.

आता ईकडे जाताना α = −∞, β = ७ ही जोडी सोबत न्यावी. पहिले पान ८ आहे, त्यामुळे ईचा α ८ होतो. α ≥ β ही अट पूर्ण झाल्याने २ हे पान छाटले जाते. छाटलेल्या फांदीवर दोन आडव्या रेघा मारून शेजारी ‘८ ≥ ७’ असे कारण लिहावे. ईचे मूल्य मात्र ‘८’ असे न लिहिता ‘≥ ८’ असे लिहावे, कारण न पाहिलेल्या पानावर १२ असते तर ईचे खरे मूल्य १२ झाले असते. बीला त्याने फरक पडत नाही, कारण त्याच्या हाती आधीच ७ आहे. बीचे मूल्य ७ ठरते आणि एचा α ७ होतो.

यापुढची पायरी हीच खरी अवघड पायरी आहे, आणि विद्यार्थी असताना मी स्वतः इथेच वारंवार चुकत असे. सीकडे आणि तिथून एफकडे α = ७, β = +∞ ही जोडी जाते. एफचे पहिले पान ५ आहे. ते ७ पेक्षा लहान असल्याने α ७ च राहतो. दुसरे पान ३ आहे, तेव्हाही α बदलत नाही. मग एफचे मूल्य किती? मी ७ लिहीत असे, कारण नोडशेजारी α = ७ असे स्पष्ट दिसत होते. तो ७ एफचा नव्हताच. तो वरून आला होता आणि ‘मॅक्सला दुसरीकडे ७ मिळण्याची खात्री आधीच झाली आहे’ एवढेच सांगत होता. एफचे मूल्य त्याच्या स्वतःच्या पानांतून ठरते, म्हणजे ५.

ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण ७ धरूनही सीचा β ७ होतो, ७ ≥ ७ ही अट पूर्ण होते आणि छाटणी योग्य जागीच पडते. बिघाड वर दिसतो: सीचे मूल्य ७ भासते आणि बी व सी या दोन्ही चाली सारख्याच चांगल्या ठरतात, जे साफ खोटे आहे. काही प्रोग्राम मर्यादेबाहेरचे मूल्य मुद्दाम मर्यादेवर आणून परत करतात, पण तिथेही तो ७ म्हणजे केवळ ‘७ किंवा कमी’ असतो. म्हणून प्रत्येक नोडशेजारी α, β आणि मूल्य अशा तीन वेगळ्या जागा ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. α आणि β वरून खाली जातात, मूल्य खालून वर येते. खालच्या नोडचा α जसाच्या तसा पालकाला देऊ नये. ‘आकडे वर-खाली फिरवत राहा’ हा सल्ला त्यामुळेच घातक आहे.

एफचे ५ सीला मिळताच सीचा β ५ होतो. ७ ≥ ५ असल्याने जी हा नोड त्याच्या ६ आणि ९ या दोन्ही पानांसह छाटला जातो. इथे रेघा सी आणि जी यांना जोडणाऱ्या फांदीवर माराव्यात, जीच्या पानांवर नव्हे, कारण आपण जीपर्यंत पोहोचतच नाही. सीचे मूल्य ‘≤ ५’ लिहावे.

एचे मूल्य ७, निवडलेली चाल बी. तपासलेली पाने ४, ७, ८, ५, ३. छाटलेली २, ६, ९.

उत्तर देण्यापूर्वी एक पडताळणी करावी. डोनाल्ड क्नुथ आणि रोनाल्ड मूर यांच्या १९७५ च्या शोधनिबंधात दिलेल्या सूत्रानुसार, प्रत्येक नोडला b फांद्या आणि d इतकी खोली असलेल्या झाडात किमान इतकी पाने तपासावीच लागतात:

```
b^⌈d/2⌉ + b^⌊d/2⌋ − 1
```

आपल्या झाडात b = २ आणि d = ३, म्हणून ४ + २ − १ = ५. आपण नेमकी पाचच पाने पाहिली, म्हणजे पानांचा हा क्रम छाटणीसाठी सर्वांत अनुकूल होता. अशाच आकाराच्या झाडात तुमची तपासलेली पाने चार भरली, तर कुठेतरी एक फांदी चुकीने छाटली गेली आहे. तेव्हा प्रत्येक दुहेरी रेघेशेजारी लिहिलेली असमानता पुन्हा वाचावी.