दुधीला फुलं भरपूर पण फळ धरत नाही? आधी गळालेलं फूल उचलून बघा

वेल मांडवावर चढली की आठवड्याभरात सगळ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, फुलं खूप येतायत पण सगळी गळतायत, काय फवारू. माझं म्हणणं असं की फवारणीचा विचार करायच्या आधी वेलीखाली पडलेली चार फुलं हातात घ्या आणि त्यांचा देठ बघा. देठ लांब, बारीक, सरळ असेल आणि फुलाच्या बुडाशी काहीच फुगीर नसेल तर ते नर फूल आहे, ते एक दिवस उमलणार आणि गळणारच, त्याचं कामच तेवढं. फुलाच्या मागे बोटभर लवदार छोटा दुधी असेल तर ती मादी. ती पिवळी पडून गळत असेल तरच काळजीचं कारण आहे.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस, कधी कधी दोन आठवडेसुद्धा, फक्त नर फुलं येतात. हे दुधी, कारली, दोडका, घोसाळी, भोपळा सगळ्यांत दिसतं आणि यात बियाणं खराब असण्याचा काही संबंध नाही. वेलीच्या प्रत्येक पेरात नर किंवा मादी दोन्ही व्हायची सोय असते, अगदी कोवळ्या कळीत दोन्हींचे अंकुर असतात आणि पुढे एक वाढतो, एक थांबतो. कोण वाढणार हे वेलीतल्या संप्रेरकांवर ठरतं, इथिलीन जास्त असेल तर मादी, जिबरेलिन जास्त असेल तर नर. खालच्या पेरांत नराकडे कल असतो, वेल जशी वाढते तसा तो मादीकडे सरकतो. आणि विचार केला तर बरोबरच आहे ना, नर फूल एका दिवसाचं, त्याला फारसा खर्च नाही, पण एक फळ पोसायला कितीतरी पानांचं अन्न लागतं, पाच-सहा पानांची वेल ते कुठून आणणार.

हा नर फुलांचा काळ लांबतो तो मुख्यतः उष्णता, मोठा दिवस आणि जास्त नत्र यामुळे. कडक उन्हाळ्यात नर फुलं जास्त येतात, दिवस लहान आणि हवा थंड असली की मादीचं प्रमाण सुधारतं. हवामान आपल्या हातात नाही पण नत्र आहे. वेलीची पानं काळपट हिरवी, मोठी, लुसलुशीत, शेंडा जोमात पळतोय आणि मादी कळी एकही नाही असं दिसलं की युरिया लगेच थांबवा, शेणखतही आणखी टाकत बसू नका.

दुधी-कारल्यात दुसरी गोष्ट म्हणजे मादी फुलं मुख्य वेलीपेक्षा बगलफुटींवर जास्त लागतात. म्हणून मांडवापर्यंत एकच वेल न्यायची, खालच्या बगलफुटी काढत राहायचं आणि वेल मांडवावर टेकली की शेंडा खुडायचा. मग वरून फांद्या फुटतात आणि त्यांच्या पहिल्या काही पेरांतच मादी कळ्या दिसायला लागतात. लोक याला थ्री जी कटिंग म्हणतात आणि तीन-तीन वेळा खुडत बसतात, दुधीला एकदा, फार तर दोनदा खुडणं पुरतं, त्याहून जास्त खुडलं तर पानंच कमी होतात आणि मग फळ पोसायला काही उरत नाही.

इथ्रेलबद्दल बरेच जण विचारतात. ते इथिलीन देणारं औषध आहे आणि मादी फुलं वाढवतं हे खरं, पण वेळ महत्त्वाची. रोप दोन पानांवर असताना एकदा आणि चार पानांवर असताना एकदा, साधारण १०० पीपीएम, म्हणजे ३९ टक्क्यांचं औषध असेल तर ४ लिटर पाण्यात १ मिली. फुलं लागल्यावर मारून काही हाती लागत नाही, आणि डोस वाढवला तर रोपाची वाढच खुंटते. आधी पाच-सहा रोपांवर करून बघा.

आता मुख्य मुद्दा. मादी फुलं येतायत, मागचा छोटा दुधी दोन दिवस हिरवा राहतो, मग टोकाकडून पिवळा पडतो, सुरकुततो आणि गळतो, तर बहुतेक वेळा त्याला पराग मिळालेलाच नसतो. दुधीत हे का जास्त होतं ते समजून घ्या. भोपळा, कारली, काकडी यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात आणि मधमाश्या काम करतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटून मलूल होतं. त्याच्यावर मुख्यतः रात्री फिरणारे पतंग येतात. दोडकाही संध्याकाळचाच, पडवळही. त्यामुळे सकाळी दहा वाजता ब्रश घेऊन दुधीच्या मांडवाखाली गेलात तर तुम्ही उशिरा पोचलात.

आणि पावसाळ्यात नेमकी संध्याकाळची सर येते. ओला पराग फुगून फुटतो, चिकटतो, कामाचा राहत नाही, पतंगही त्या पावसात बाहेर पडत नाहीत. म्हणून पावसाळी दुधीत हाताने परागीकरण केल्याचा फरक लगेच दिसतो.

मी असं करतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास मांडवाखालून एक चक्कर मारायची आणि आज उमलणाऱ्या मादी कळ्या शोधायच्या. कळीचं टोक हिरवट असेल तर तिला अजून दिवस आहे, टोक पांढरं, लांब आणि सैल झालेलं दिसलं तर ती आज उमलणार. तिच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवायचा, संध्याकाळच्या अंधारात पानांत ती परत सापडत नाही म्हणून. पाऊस यायची लक्षणं असतील तर त्याच वेळी तिच्यावर कागदाची पुडी उलटी घालून ठेवायची आणि दोन-चार नर फुलांच्या कळ्या देठासकट काढून आत पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या, त्या संध्याकाळी तिथेच उमलतात.

फुलं पूर्ण उमलली की, साधारण साडेपाच ते साडेसातमध्ये, ताजं नर फूल घ्यायचं, मधल्या दांड्याला बोटाचं टोक हलकेच लावून बघायचं. बोटाला पिवळी धूळ लागली पाहिजे. लागली नाही तर ते फूल टाका आणि दुसरं घ्या, ही एक पायरी लोक सोडतात आणि मग म्हणतात हात लावूनही धरलं नाही. मग नराच्या पाकळ्या मागे दुमडायच्या किंवा काढून टाकायच्या आणि तो दांडा मादी फुलाच्या मध्यभागच्या चिकट गड्ड्यावर फिरवायचा. तो गड्डा तीन भागांचा असतो, तिन्ही भागांवर सगळीकडून पिवळं दिसेपर्यंत फिरवा, पण रगडू नका. एकाच बाजूला पराग पडला तर त्याच बाजूच्या बिया भरतात आणि दुधी वाकडा किंवा एका टोकाला बारीक होतो. नर फुलं भरपूर असतात तर एका मादीला एक नर सरळ वापरा. रात्री पावसाची शक्यता असेल तर पुडी परत घाला आणि सकाळी काढा. संध्याकाळ हुकली तर भल्या पहाटे, फूल ताठ असेपर्यंत, आणखी एक संधी असते पण तेव्हा धरण्याचं प्रमाण कमी येतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या चार वेलींवर मी दहा मादी फुलांना लाल दोरा बांधून हाताने पराग दिला आणि त्याच आठवड्यातली दहा फुलं पांढरा दोरा बांधून तशीच सोडली. लाल दोऱ्याची आठ धरली, पांढऱ्याची दोन. लाल दोऱ्याची जी दोन गळाली ती दोन्ही एकाच वेलीवर होती आणि त्या वेलीवर आधीच तीन मोठे दुधी लटकत होते, त्यातला एक तर बियाण्याला सोडल्यासारखा जून होत आलेला. तो तोडला आणि नंतर त्याच वेलीवर चौथ्या-पाचव्या दिवशी लावलेलं फूल धरलं. म्हणजे पराग पोचूनही फळ गळू शकतं, वेलीला तेवढं पोसवत नसेल तर. अशा वेलीवर फुलांमागे लागण्यापेक्षा तयार दुधी कोवळे असतानाच, फूल उमलल्यापासून साधारण १२ ते १५ दिवसांत तोडत राहा. बोटाचं नख सालीत सहज रुतलं पाहिजे.

धरलं की नाही हे तिसऱ्या दिवशी कळतं. देठ जाड व्हायला लागतो आणि फळ खाली वळतं, साल तुकतुकीत हिरवी दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी लांबी दुप्पट झालेली असते. धरलं नसेल तर टोकाची हिरवाई मळकट होते आणि पिवळेपणा टोकाकडून देठाकडे चढत जातो.

फवारणीबाबत एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. मधमाश्या वाचवायला कीटकनाशक संध्याकाळी मारा असा सल्ला सर्रास दिला जातो आणि भोपळा-कारल्याला तो बरोबर आहे. पण दुधी, दोडका, पडवळ यांच्यावर संध्याकाळी फवारलं तर नेमकं फूल उमलायच्या वेळी औषध फुलात जातं आणि पतंग मरतात. या वेलींवर फवारायचंच असेल तर सकाळी, रात्रीची फुलं मिटल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आत फवारा. एकाच मांडवावर कारली आणि दुधी दोन्ही असतील तर वेळ जुळवणं अवघड जातं, म्हणून ते वेगळे लावलेले बरे.

करटुल्याला हे सगळं वेगळ्या अंगाने लागू होतं, तिथे नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते, आठ-दहा मादी वेलींना एक तरी नर वेल हवी. आणि शेडनेटमधल्या बिनबियांच्या काकडीला हाताने पराग देऊच नका, ती पराग नसतानाच धरते, दिला तर बिया भरतात आणि आकार बिघडतो.

शेवटी एक तपासणी. गळालेला छोटा दुधी चाकूने उभा कापा. आतला गर कोरडा, पांढरा आणि स्वच्छ असेल तर परागाचा किंवा पोषणाचा प्रश्न. सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग, त्यातून डिंकासारखं आलेलं आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी, मग हाताने कितीही पराग द्या उपयोग नाही. तिच्यासाठी क्यू ल्यूरचा सापळा लावा. आंब्यासाठीचा मिथाईल युजेनॉलचा सापळा दुधीच्या मांडवात टांगला तर वेलवर्गातली फळमाशी त्याच्याकडे फिरकत नाही. किडकी फळं बांधावर न फेकता गोळा करून खोल पुरा, नाहीतर त्यातल्या अळ्या मातीत कोष करून पुन्हा त्याच मांडवावर येतात.