स्ट्रिपवरचा 1000 म्हणजे 1000 कॅल्शियम नाही, या चुका टाळा

वहिनीला सातवा महिना, गुहागरजवळ सासर, डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियम 500, दिवसातून दोनदा. सरकारी गोळ्या संपल्या आणि पाऊस असा की बाजारात जायचीच पंचाईत, म्हणून शेजारच्या मुलाकडून मेडिकलमधून आणवल्या. स्ट्रिपवर लिहिलेलं कॅल्शियम सायट्रेट 1000. ती म्हणाली अर्धी केली की 500 झालंच, आणि तीन आठवडे सकाळ संध्याकाळ अर्धी अर्धी घेत राहिली.

मी सुट्टीत गेलो तेव्हा स्ट्रिप बघितली आणि पोटात गोळाच आला. 1000 हे सायट्रेट या क्षाराचं, म्हणजे सॉल्टचं वजन आहे हो, त्यात खरं कॅल्शियम, म्हणजे एलिमेंटल, जेमतेम 21 टक्के. अख्ख्या गोळीत 210 मिलिग्रॅम, अर्धीत 105. दिवसाला 1000 हवं होतं, मिळत होतं 210. आधीची सरकारी गोळी कार्बोनेटची होती, कार्बोनेटमध्ये 40 टक्के असतं, म्हणून 1250 च्या गोळीत बरोब्बर 500.

मी तिला म्हटलं, वहिनी, आता घाबरून एकदम दोन तीन घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करून स्ट्रिप वाचून दाखवा. त्यांनी परत 1250 ची कार्बोनेट, म्हणजे 500 वालीच, आणायला सांगितली, जेवणानंतर लगेच घ्यायची, कारण कार्बोनेट विरघळायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं.

लोहाच्या गोळीत पण हाच घोळ, फक्त उलटा. गरोदरपणातल्या लाल सरकारी गोळीत एलिमेंटल लोह 60 असतं. बाहेरच्या गोळीवर ड्राइड फेरस सल्फेट 200 दिसलं की घरातली मोठी माणसं म्हणतात तिप्पट पॉवरची आहे, एक दिवस आड घे. पण त्यात लोह साधारण 65 च, म्हणजे जवळपास लाल गोळीएवढंच, आणि एक दिवस आड घेतली की रोजच्या हिशोबाने निम्मं. फेरस ग्लुकोनेट 300 असेल तर त्यात फक्त 35 च्या आसपास.

आता कोणी टक्के पाठ करून उत्साहात सगळीकडेच लावतात, ते पण चुकतं. फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या स्ट्रिपवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 'इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल आयर्न 100', तो आकडा आधीच खऱ्या लोहाचा असतो, त्याला परत टक्के लावायचे नाहीत. म्हणून समोरचा मोठा आकडा सोडा, मागे बारीक अक्षरात 'इक्विव्हॅलंट टू' किंवा 'एलिमेंटल' शब्द शोधा, त्याच्या पुढचा आकडा डॉक्टरांच्या आकड्याशी जुळवा. तो शब्दच नसेल तर मेडिकलवाल्याला सरळ विचारा, यात एलिमेंटल किती? त्याला पण सांगता आलं नाही तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

आणि हो, दोन्ही गोळ्या एकत्र गिळू नका, कॅल्शियम लोहाला शरीरात नीट शिरू देत नाही, मध्ये निदान दोन तास ठेवा. वहिनी आता लोहाची रात्री झोपताना घेते.